‘च’ कुठे, ‘ही’ कुठे: एका नोटिशीवरून

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या फळ्यावर असं लिहिलंय समजा: ‘उद्या बी विंगला पाणी येणार नाही.’ आता यात एक ‘च’ घालायचा आहे. तो ज्या शब्दाला चिकटेल, तोच शब्द बाकीच्यांना बाहेर ठेवतो.

‘उद्याच बी विंगला पाणी येणार नाही’ म्हणजे परवा येईल. ‘उद्या बी विंगलाच पाणी येणार नाही’ म्हणजे ए विंगला येईल, आणि बी विंगवाले लगेच विचारतील, आम्हालाच का? ‘उद्या बी विंगला पाणी येणारच नाही’ इथे कोणी वगळलं जात नाही, फक्त शंकेला जागा उरत नाही: पाणी आजच भरून ठेवा. सेक्रेटरींना बहुधा हेच म्हणायचं असतं, आणि घाईत ‘च’ बसतो ‘विंगला’वर. नकारार्थी वाक्यात पक्केपणा हवा असेल तर ‘च’ क्रियापदाला जोडा.

‘ही’ याच्या उलट काम करतो, तो आधीच्या यादीत भर घालतो. ‘उद्याही पाणी येणार नाही’ म्हणजे आज आलं नव्हतंच. ‘बी विंगलाही येणार नाही’ म्हणजे दुसऱ्या विंगची अडचण आधीच ठरलेली आहे. म्हणून ‘च’ घालताना विचारावं, कोणाला वगळतोय? आणि ‘ही’ घालताना, आधी कोण आहे? आधीचं कोणीच नसेल, तर वाचणारा उगाच ते शोधत बसतो.

‘एक’ या शब्दापाशी चूक सर्वांत महागात पडते. ‘एकही टँकर आला नाही’ म्हणजे शून्य टँकर. ‘एकच टँकर आला नाही’ म्हणजे पाच मागवले होते, चार आले. अक्षराचा फरक एवढासा, पण टाकी एकात कोरडी आणि दुसऱ्यात जवळजवळ भरलेली.

लिहिताना ‘ही’ शब्दाला जोडूनच लिहावा. ‘उद्याही टाकी धुणार’ म्हणजे आजच्यासारखी उद्या पुन्हा. ‘उद्या ही टाकी धुणार’ म्हणजे समोरची, दुसरी नव्हे. बोलताना आवाज सांभाळून घेतो, फळ्यावर ते काम मधली मोकळी जागा करते.

‘सुद्धा’ पुष्कळदा ‘ही’च्या जागी चालतो, पण अपेक्षाभंग दाखवायला तो जास्त ठसठशीत. ‘तळमजल्यालासुद्धा पाणी आलं नाही’ यात तळमजल्याला तरी नेहमी येतं, हे गृहीत आहे. तो विभक्तीच्या नंतर येतो आणि आधीच्या शब्दाचं रूप बदलत नाही: ‘टँकरवालासुद्धा आला नाही’, ‘टँकरवाल्यासुद्धा’ नव्हे. ‘तळमजल्यालाहीसुद्धा’ असं दोन्ही एकत्र लिहायची गरज नाही, एक काढून टाका.