मोठा अनुवाद लिहायला घेण्याआधी आम्ही एक प्रश्न का विचारतो
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात पोर्तुगीजकालीन कागदपत्रांचे अनुवाद होतात. विक्रीखत, इन्व्हेंतार, जन्ममृत्यूची नोंद, कोमुनिदादीचा जुना ठराव, असं काहीही घेऊन लोक येतात. काम मोठं असेल तर कागद मिळाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आमच्याकडून तुम्हाला एक छोटा संदेश येतो. त्यात एकच प्रश्न असतो, अनुवाद कशासाठी हवा आहे, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत आम्ही अनुवाद लिहायला घेत नाही. ‘कागद तर दिले, आता आणखी काय विचारायचं राहिलं?’ असं काहींना वाटतं. म्हणून त्या प्रश्नामागचं कारण इथे सविस्तर सांगतो.

सगळ्यांत लांबलचक काम असतं ते इन्व्हेंताराचं. घरचा कर्ता वारला की त्याच्या मिळकतीची वाटणी न्यायालयामार्फत व्हायची, त्या प्रकरणाची ही सगळी फाइल. वारसांत अज्ञान मुलं असली तर हे करावंच लागे. फाइल एका ठरावीक क्रमाने वाढत जाते. सुरुवातीला प्रकरण उघडल्याची नोंद, मग मागे राहिलेल्या कुटुंबप्रमुखाने शपथेवर दिलेली माहिती, मग मिळकतीची क्रमवार यादी, नेमलेल्या माणसांनी केलेली किंमत, वारसांनी एकमेकांवर चढवलेल्या बोली, हिस्से मांडणारा वाटणीतक्ता आणि शेवटी तो तक्ता मंजूर करणारा न्यायाधीशाचा निकाल. मध्ये मध्ये समन्स, पावत्या, मुद्रांक. सारं हाताने लिहिलेलं, आणि कारकून बदलला की हस्ताक्षरही बदलतं.

समजा, फोंडा तालुक्यातल्या एका घराचं १९३६ सालचं इन्व्हेंतार आमच्याकडे आलं. नव्वद पानं. आणणारा नातू म्हणाला, “कोर्टाचे कागद आहेत, सगळ्याचं भाषांतर करून द्या.” अक्षर बरं असेल तर असा मजकूर दिवसाला चार-पाच पानं नीट होतो. म्हणजे नव्वद पानांना कामाचे वीसेक दिवस, सुट्ट्या धरल्या तर जवळपास महिना.

आता त्याचं वाक्य पुन्हा वाचा. ‘कोर्टाचे कागद’ म्हणजे कोर्टातून आलेले, की कोर्टात द्यायचे? इन्व्हेंतार तर सगळीच कोर्टातून आलेली असतात, त्यामुळे या शब्दांवरून काही ठरत नाही. ‘सगळ्याचं’ यावरूनही फारसं कळत नाही, कारण आत काय काय आहे हे त्यालाच माहीत नसतं. म्हणून तर तो अनुवाद करायला आला आहे. भाषांतर कुठल्या भाषेत हवं, तेही त्याने सांगितलेलं नाही.

इथून दोन वाटा फुटतात. अनुवाद न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात दाखवायचा असेल तर तो सहसा इंग्रजीत लागतो आणि शब्दाला शब्द लागतो. मूळ लेखकाने ओळीत चूक करून तिथेच पुढे दुरुस्ती लिहिली असेल, तर अनुवादात चूकही येते आणि दुरुस्तीही येते. समासातल्या नंतरच्या नोंदी, शिक्के, मुद्रांकाची किंमत, न वाचता आलेली जागा, सगळं जिथल्या तिथे दाखवावं लागतं. आडनावं कागदावर आहेत तशीच ठेवावी लागतात. घरात आपण प्रभू म्हणतो, पण कागदावर पोरोबो असेल तर पोरोबोच. शेणै तिथे सिनाय असतात. रक्कम रुपये, तांगा आणि रेइस यांतच राहते. आम्ही ती आजच्या पैशांत मांडून दिली तर तो अनुवाद राहत नाही, ते आमचं मत होतं.

घरच्यांना वाचायला हवा असेल तर नेमकं उलट. तिथे मराठी हवं. प्रभू हे प्रभूच हवेत, नाहीतर आजीला आपलेच दीर ओळखू येणार नाहीत. सोळा तांगांचा एक रुपया होई, हे कंसात सांगितलं तर वाचणाऱ्याला बरं पडतं. समन्सची दहा पानं एका वाक्यात आटपली तरी कुणाचं बिघडत नाही. कोण कोणाचा कोण, कुठलं भाट कुणाकडे गेलं आणि का, हे सरळ ओघात आलं पाहिजे.

या दोन लेखनांतलं एक केल्यावर त्यातून दुसरं काढता येत नाही. मराठी गोषवाऱ्यावरून इंग्रजी अनुवाद केला तर तो अनुवादाचा अनुवाद होतो. समोरच्या पक्षाच्या वकिलाने मुळाशी ताडून पाहिला की पहिल्या पानावरच अडतो, आणि मुळाबरहुकूम असल्याचा दाखला आम्हालाही त्याखाली देता येत नाही. शिवाय घरच्यांसाठी लिहिताना जे गाळलं जातं, नेमकं तेच कोर्टात लागतं. चतुःसीमाच घ्या. पूर्वेला अमक्याची भातशेती, पश्चिमेला व्हाळ, उत्तरेला तमक्याचं कुळागर. घरात वाचताना या ओळींवरून नजर घसरते. मेरेच्या वादात मात्र सारा खटला त्याच ओळींवर उभा असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अंदाज चुकला तरी सगळंच वाया जातं असं नाही. हस्ताक्षर लावण्याची मेहनत एकदाच करावी लागते आणि ती दोन्ही कामांना उपयोगी पडते. वाया जातं ते लेखन, आणि महिन्यातला मोठा वाटा त्याचाच असतो.

वरच्या नातवाला आम्ही असा संदेश पाठवू: “हा अनुवाद घरात वाचण्यासाठी मराठीत हवा आहे, असं आम्ही धरलं आहे. बरोबर असेल तर ‘हो’ एवढंच कळवा. कोर्टात किंवा कुठल्या कार्यालयात द्यायचा असेल तर कशासाठी, ते एका ओळीत सांगा.” आमचा अंदाज आम्ही त्यात मुद्दाम लिहितो. ‘कसं करू?’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” अंदाज समोर ठेवला की चुकीचा असल्यास माणूस लगेच हटकतो.

या उदाहरणात उत्तर आलं असं धरू: “मुंबईच्या काकांना विचारलं. वकिलांना हवंय. एका भाटाच्या मेरेवरून वाद आहे, ते आमच्या आजोबांच्या वाट्याला आलं होतं हे दाखवायचंय.” या उत्तराने भाषा ठरली, पद्धत ठरली आणि नव्वद पानांचं कामही राहिलं नाही. ते भाट यादीत बाब ७ असेल तर लागतील ती पानं अशी: प्रकरण उघडल्याची नोंद, वारसांची नावं देणारं कुटुंबप्रमुखाचं निवेदन, बाब ७ चं वर्णन, तिची किंमत, तिच्यावर लागलेली बोली, वाटणीतक्त्यातला आजोबांचा हिस्सा आणि मंजुरीचा निकाल. साधारण पंधरा पानं. आठवड्याच्या आत होतात आणि खर्चही त्याच मानाने कमी येतो. यादी पाहून थांबायचं मात्र नाही. बोलीच्या वेळी एखादा वारस किंमत चढवून मिळकत आपल्याकडे घेत असे, त्यामुळे ती शेवटी कुणाकडे गेली हे वाटणीतक्ता आणि निकाल यांवरूनच कळतं. नेमकी पानं कुठली, हे वकिलांना दाखवून पक्कं करून घेतलेलं बरं.

प्रत्येक कामाला आम्ही असं विचारत नाही. एका पानाची जन्मनोंद आली तर सरळ करून देतो. चुकलंच तर तासाभरात दुसरी प्रत तयार होते, त्यासाठी तुम्हाला फोनवर धरून ठेवण्यात अर्थ नाही. हिशेब साधा आहे. आमचा अंदाज दहांतल्या नऊ वेळा बरोबर येतो असं धरलं, तरी वीस दिवसांच्या कामात सरासरीने दोन दिवस पणाला लागतात आणि विचारायला फार तर एक दुपार जाते. तासाभराच्या कामात तोच धोका सहा मिनिटांचा. तिथे विचारणंच महाग पडतं.

मोठ्या कामातही आम्ही दहा प्रश्नांची यादी पाठवत नाही. कागद आणून देणारा बहुधा घरातला कुणीतरी तरुण असतो आणि खरी माहिती असणारा मुंबईत, आखातात नाहीतर लिस्बनला असतो. लांबलचक यादी गेली की ती आठवडाभर पडून राहते. सही वकिलाची की न्यायाधीशाची, हे आम्हाला कागदावरूनच शोधता येतं. अक्षराचा आकार, मथळा, नावाचं शुद्धलेखन या गोष्टी शेवटीही बदलता येतात. ज्या उत्तरावर सगळी पानं अवलंबून आहेत, तेवढंच आम्ही आधी विचारतो.

उत्तर यायला उशीर झाला तर दोन्ही वाटांना लागणारं काम, म्हणजे हस्ताक्षर लावून मूळ पोर्तुगीज मजकुराची स्वच्छ टंकलेली प्रत तयार करणं, आम्ही सुरू करतो. त्यापुढे नमुन्याचं एक पान पाठवतो. हा नमुना पहिल्या पानाचा नसतो, कारण सुरुवातीचा मजकूर ठरीव साच्याचा असतो आणि कुठल्याही पद्धतीने केला तरी सारखाच दिसतो. मिळकतीच्या वर्णनाचं पान घेतलं तर फरक ताबडतोब डोळ्यांत भरतो. ते पाहून पुष्कळदा घरचेच सांगतात, “नाही हो, हे असं नको होतं.”

खर्चाबद्दल आमचा नियम असा. आम्ही न विचारता चुकीच्या अंदाजाने लिहिलं तर पुन्हा लिहिण्याचे पैसे घेत नाही. तुमचा ‘हो’ आल्यावर गरज बदलली तर तोवर झालेल्या पानांचे पैसे लागतात. म्हणून फोनवर बोलणं झालं असलं तरी होकार आम्ही लेखी मागतो, वॉट्सअॅपवरचा चालतो.

कागद देतानाच तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून दिल्यात तर बहुतेक वेळा आम्हाला विचारावंही लागणार नाही: अनुवाद कोण वाचणार आहे, सुनावणीची किंवा कार्यालयात देण्याची तारीख ठरली असेल तर ती, आणि घरात याची माहिती असणाऱ्या माणसाचा फोन नंबर. वकील नेमले असतील तर पूर्ण अनुवाद हवा की उतारे पुरतील, हे त्यांना आधीच विचारून घ्या. मूळ कागद जीर्ण असतील तर ते आणू नका. दिवसाच्या उजेडात काढलेले स्पष्ट फोटो किंवा झेरॉक्स चालतात. फक्त समास कापू नका, कारण नंतरच्या नोंदी तिथेच असतात.