गुळवेलीचा काढा आणि लिव्हर

“गुळवेल तर आपल्या परसातली. नैसर्गिक आहे, रोज घेतली तर अपाय कसला? उलट प्रतिकारशक्तीच वाढेल ना?”

अपाय होऊ शकतो, आणि तो नेमका त्या ‘वाढण्या’तूनच होत असावा. ऑटोइम्यून आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटलेली असते. तिला आणखी चेतवलं तर ती लिव्हरवरही तुटून पडू शकते.

२०२० च्या अखेरीस, कोरोनाच्या काळात, मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये ही नोंद छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही. पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता.

समजा, हाशिमोटो हा ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्या काकू रोज सकाळी काढा घेतात. सहाव्या आठवड्यात जेवण नकोसं होतं, लघवी गडद चहासारखी होते, मग डोळे पिवळे दिसतात. घरचे म्हणतात, साधी कावीळ. तपासणीत एसजीपीटी आणि बिलिरुबिन वाढलेलं, हिपॅटायटिसचे विषाणू मात्र सापडत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगायलाच हवं. ‘औषध कुठलं घेता?’ या प्रश्नावर तो कुणी मोजतच नाही! बहुतेकांचं लिव्हर काढा थांबवल्यावर सावरतं, काहींना स्टिरॉइड लागतात, काही मात्र दगावलेही आहेत.

ल्युपस, सोरायसिस, ऑटोइम्यून संधिवात किंवा ऑटोइम्यून थायरॉइड असेल, तर गुळवेल आणि ती घातलेले ‘इम्युनिटी’ ज्यूस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाटलीवर ती गिलोय किंवा गुडुची या नावानेही छापलेली असते.