मशरूम पाणी सोडतात, मग खमंग कसे करायचे?
(बटण मशरूमच्या 200 ग्रॅमच्या पाकिटासोबत)

आमच्याकडे येणाऱ्या फोनपैकी सर्वांत जास्त फोन एकाच तक्रारीचे असतात: "तुमचे मशरूम फार पाणी सोडतात. वजन वाढवायला पाणी मारता का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. वाफ्यांना पाणी द्यावंच लागतं, पण तोडणीच्या आधी ते थांबवून टोप्या कोरड्या होऊ देतो. तोडल्यावर आम्ही मशरूम धूत नाही. पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून रसायनाच्या पाण्यातूनही काढत नाही. तरीही तव्यावर पाणी दिसतं, कारण ताज्या बटण मशरूमच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. 200 ग्रॅमच्या पाकिटात साधारण 185 ग्रॅम.

थोडक्यात, पाणी सुटणारच. सुटलेलं पाणी तव्यावर साचून राहतं की लगेच उडून जातं, यावर पुढचं सगळं ठरतं.

तव्यावर नेमकं काय होतं

जिथे पाणी आहे तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. मशरूमला तांबूस रंग आणि तो भाजका, मांसल वास यायला मात्र पृष्ठभाग 140 अंशांच्या आसपास पोचावा लागतो. म्हणजे मशरूमच्या खाली पाण्याचा पातळ थर जरी असला, तरी तोवर ते भाजले जात नाहीत, उकडले जातात. गॅस कितीही मोठा केला तरी तेच.

आणि पाणी उडवणं हे पाणी उकळवण्याइतकं स्वस्त काम नाही. साध्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून घालवायला लागते. चांगल्या भाजलेल्या 200 ग्रॅम मशरूमचं वजन शेवटी 100 ते 120 ग्रॅमच उरतं. म्हणजे जवळजवळ अर्धी वाटी पाणी तव्यावरून उडालेलं असतं. घरच्या शेगडीला हे जमतं, पण पाणी थोडं थोडं सुटत गेलं तरच. सगळे मशरूम एकदम टाकले की तवा एका झटक्यात थंड होतो, सगळ्यांचं पाणी एकाच वेळी सुटतं आणि वर आलेली वाफ एकमेकांवर चढलेल्या फोडींमध्ये अडकून पुन्हा खाली गळते.

एक पाकीट, एक तवा: जागेचा हिशोब

आमच्या पाकिटात मध्यम आकाराचे साधारण 12 मशरूम बसतात. प्रत्येकाचे उभे दोन भाग केले की 24 अर्धुकं होतात. अर्धुकाची कापलेली बाजू मोजली तर सुमारे 12 चौरस सेंटिमीटर भरते. 24 अर्धुकांना मिळून 290 चौरस सेंटिमीटर जागा हवी. बहुतेक घरांत जो 26 सेंटिमीटरचा फ्रायपॅन असतो, त्याचा सपाट तळ 20 सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे 314 चौरस सेंटिमीटर. कागदावर सगळी अर्धुकं बसतात, पण ती एकमेकांना चिकटून बसतात आणि वाफेला बाहेर पडायला फट उरत नाही.

म्हणून त्या पॅनमध्ये एका वेळी अर्धंच पाकीट घ्या, 12 अर्धुकं. दोन फोडींमध्ये बोटभर तळ दिसला पाहिजे. घरात डोशाचा मोठा बिडाचा किंवा लोखंडी तवा असेल तर पूर्ण पाकीट एकदम चालतं, आणि खरं सांगायचं तर मशरूमसाठी आम्हाला तोच सर्वांत आवडतो: जड असल्यामुळे फोडी पडल्या तरी तो लगेच थंड होत नाही. खोलगट कढई मात्र टाळा. तिचा सपाट तळ लहान असतो, सगळं घरंगळत मध्ये येतं आणि उंच कडांमुळे वाफ आतच घुटमळते.

कृती

मशरूमला माती लागलेली असेल तर अख्खे मशरूमच नळाखाली पटकन धुवा आणि लगेच सुती फडक्यावर घेऊन पुसा. थोड्या वेळच्या धुण्याने ते फारसं पाणी पीत नाहीत, पण पृष्ठभागावर राहिलेलं पाणी नडतं, कारण आधी ते उडवण्यातच तव्याची पहिली धग खर्च होते. कापल्यावर कधीही धुऊ नका. काप पातळ नकोत. पातळ चकत्या रंग यायच्या आधीच आक्रसून जातात. अर्धुकं करा, किंवा मशरूम मोठा असेल तर बोटाच्या जाडीचे काप.

लोखंडी तवा मध्यम-मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता फसफसून बसता कामा नये, तव्यावर नाचत पळाला पाहिजे. नॉनस्टिक पॅन असेल तर तो रिकामा असा तापवू नका. त्यात आधी तेल घालून मग आच द्या, आणि तेल हलकं चमकून पातळ झालं की मशरूम टाका. 100 ग्रॅमसाठी पोह्याचा अर्धा चमचा शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल पुरतं.

फोडी कापलेली बाजू खाली करून एकेक ठेवा. आणि मग हात मागे घ्या. बहुतेकांचं इथेच बिघडतं. कालथा हातात असला की ढवळल्याशिवाय चैन पडत नाही, पण प्रत्येक ढवळणीला तापलेली बाजू वर जाते, थंड बाजू खाली येते आणि कुठल्याच बाजूला रंग धरायला वेळ मिळत नाही. तीन ते चार मिनिटं अजिबात हलवू नका. झाकण तर नाहीच.

या वेळात मशरूम बरंचसं तेल पिऊन टाकतील आणि तवा कोरडा दिसेल. आत हवेच्या बारीक पोकळ्या असल्यामुळे ते स्पंजासारखे तेल शोषतात. घाबरून वरून आणखी ओतू नका. फोडी आक्रसल्या की पोकळ्या मिटतात आणि यातलं बरंच तेल परत तव्यावर येतं. आत्ता ओतलेलं जादा तेल शेवटी ताटात तरंगताना दिसेल.

कानाने ओळखायची सवय लावून घ्या. सुरुवातीला ओलसर, फसफसणारा आवाज येतो, कारण पाणी उडत असतं. मग आवाज बारीक आणि कोरडा होतो, भाकरीच्या तव्यावर कणी पडल्यासारखी तडतड येते. हा आवाज बदलला म्हणजे तळाचं पाणी संपलं आणि भाजणं सुरू झालं. आता एक फोड चिमट्याने उचलून बघा. ती तव्यापासून सहज सुटली आणि खालची बाजू खजुरासारखी तपकिरी दिसली तर उलटा. करडी आणि ओली दिसली तर परत ठेवा, अजून मिनिटभर. दुसऱ्या, गोल बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. पहिली खेप ताटात पसरून ठेवा (डब्यात ढीग करून झाकलेत तर स्वतःच्याच वाफेने परत ओल्या होतील) आणि दुसरी टाका.

मीठ शेवटच्या मिनिटाला. आधी घातलेलं मीठ पाणी लवकर बाहेर ओढतं. शिवाय मशरूम शेवटी जवळजवळ निम्मे होतात, त्यामुळे कच्च्या ढिगाकडे बघून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. 200 ग्रॅमला पाव छोटा चमचा घालून चाखून बघा. लसूण, मिरपूड, लोणी हेही शेवटीच. लोणी आधी घातलं तर त्यातला दुधाचा अंश जळून काळा पडतो.

रबरासारखे का होतात

"जास्त शिजले म्हणून वातड झाले" असं सगळे म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या पदार्थाच्या असतात, आणि तो उष्णतेने भाजीच्या भिंतींसारखा विरघळून मऊ पडत नाही. म्हणून भेंडी किंवा वांगं जास्त वेळ शिजवलं की गळून जातं, मशरूम जात नाही. तुम्ही त्याला पाच मिनिटं जास्त दिलीत तरी ते सहन करतं.

रबरासारखे होतात ते अर्ध्यावर सोडलेले. पाणी सुटून आकसले आहेत, रंग करडा आहे, दाताखाली कुरकुरण्याऐवजी किचकिच आवाज करतात. तव्यात पाणी दिसतं, आकार लहान झालेला असतो, "झाले" असं वाटून गॅस बंद केला जातो. ते झालेले नसतात. भाजण्याचा टप्पा अजून यायचाच असतो.

म्हणून गर्दी झालीच, पाणी साचलंच, तर ते टाकून देऊ नका. त्यात चव उतरलेली असते. आच मोठी करा, फोडी तव्यावर पसरा, पाणी पूर्ण आटू द्या. पूर्ण पाकीट छोट्या पॅनमध्ये असेल तर याला सहज 10 ते 12 मिनिटं लागतात. पाणी आटून तडतड ऐकू आली की पोह्याचा अर्धा चमचा तेल सोडा आणि चार मिनिटं न हलवता भाजा. रंग येतो. दोन खेपांत केलेल्या मशरूमइतक्या फोडी भरीव राहत नाहीत, पण रबर तरी होत नाहीत. आणि वेळ बघा: दोन खेपांनाही एवढाच, 15 मिनिटांच्या आतबाहेर लागतो. सगळे एकदम टाकून काहीच वाचत नाही.

रश्श्यासाठी

कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कच्चे मशरूम टाकले की मसाला पातळ होतो आणि मशरूम फिके राहतात. आधी वरच्या पद्धतीने भाजून बाजूला ठेवा, रस्सा तयार झाल्यावर शेवटची तीन-चार मिनिटं त्यात सोडा. तवा पुसू नका. तळाला चिकटलेल्या तपकिरी खरपुडीवर दोन चमचे पाणी टाकून ती खरवडा आणि रश्श्यात ओता.

ठेवणं

पाकिटाच्या प्लास्टिकला आतून दव धरलं असेल तर मशरूम काढून कागदी पिशवीत घाला, पिशवीचं तोंड सैल ठेवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांत टोप्या जरा सुकतात, क्वचित करड्या दिसतात. भाजायला असे मशरूम ताज्यापेक्षा सोपे जातात. टोपीखालची छत्री उघडून तपकिरी पडदे दिसू लागले तरीही चालतात, चव उलट गडद असते. बोटाला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या.

इतकं करूनही पाणी आटत नसेल तर पाकिटावरच्या नंबरवर फोन करा आणि तोडणीची तारीख, तवा कुठला आणि एका खेपेत किती फोडी टाकल्या, एवढं सांगा. चूक आमच्या मालाची असेल तर पाकीट बदलून देऊ.