डिशवॉशरला खरंच जास्त पाणी लागतं?

“मशीन तासभर चालतं, मग पाणीही ढीगभर जात असणार. त्यापेक्षा हाताने घासलेली बरी, नाही का?”

नाही, निदान नळ सोडून घासत असाल तर नाही. मशीन चालतं तासभर किंवा जास्तच, पण त्यात पाणी सतत येत नसतं. तळाशी तीन-चार लिटर घेतलं जातं, पंप तेच फिरत्या फवाऱ्यांतून भांड्यांवर मारतो, ते गाळणीतून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. मळलं की बाहेर, मग नवं. आजच्या बऱ्याच मशीनांत पूर्ण फेरी साधारण 10 ते 15 लिटरांत होते.

आता नळ बघा. लिटरचा जग धरा. 10 सेकंदांत भरला तर मिनिटाला 6 लिटर, म्हणजे पंधरा मिनिटं चालू ठेवलेल्या नळाचे 90 लिटर. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या चाचणीत बारा जणांची भांडी हाताने धुवायला सरासरी 100 लिटरच्या आसपास पाणी गेलं. माणसामाणसांत फरक मात्र प्रचंड होता.

फरक पडतो तो पद्धतीने. भांडी घासताना नळ बंद आणि विसळायला दोन टब, असं केलं तर वीसेक लिटरांत काम होतं. मग मशीनची बढाई फारशी उरत नाही. अर्धवट भरलेलं मशीन लावलं तर तीही जाते. आणि खरकटं काढायला आधी प्रत्येक ताट नळाखाली धरणारे तर दोन्हीकडचं पाणी खर्च करतात. चमच्याने खरवडलं तरी पुरतं. करपलेली कढई तेवढी आधी भिजत घालावी लागते.