लांबलेल्या कामाचा नफा कोणत्या वर्षी धरायचा? (आमच्या बांधकाम ठेकेदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दरवर्षी मे-जूनमध्ये आमच्या कार्यालयात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. काम दीड-दोन वर्षे चालणार, इमारत अजून अर्धी उभी आहे, निम्मे पैसे अडकलेले आहेत. मग यंदाच्या हिशोबात नफा कशाला दाखवता? पूर्ण झाल्यावर एकदमच दाखवू. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून देत आहोत. ते देताना एका छोट्या कागदाबद्दलही सांगायचे आहे. तो कागद नसल्यामुळे तुमचे आणि आमचे सर्वांत जास्त दिवस वाया जातात.

आधी नियम. १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ४३सीबी आणि आयकरासाठी ठरवून दिलेले हिशोबाचे मानक आयसीडीएस ३ यांनुसार बांधकाम कराराचा नफा काम जसजसे पुढे सरकते तसतसा, दरवर्षी टक्केवारीने धरायचा असतो. काम संपेपर्यंत थांबायची मुभा नाही. काम किती टक्के झाले हे झालेल्या खर्चावरून ठरवता येते, तसेच प्रत्यक्ष मोजमापावरूनही ठरवता येते. छोट्या ठेकेदारांसाठी आम्ही मोजमापाचा मार्ग धरतो, म्हणजे आर्किटेक्टने किंवा इंजिनिअरने प्रमाणित केलेल्या कामाची किंमत भागिले कराराची एकूण किंमत. दोन्ही आकडे जीएसटी सोडून घ्यायचे. मालकाने लेखी ऑर्डर देऊन काम वाढवले असेल, तर ती रक्कम एकूण किमतीत मिळवायची. तोंडी सांगितलेले वाढीव काम मिळवायचे नाही.

मिळालेल्या पैशांवरून टक्केवारी काढत नाहीत. आगाऊ रक्कम मिळाली म्हणून भिंत उभी राहत नाही, आणि बिल थकले म्हणून झालेला स्लॅब नाहीसा होत नाही. बिलातून कापून ठेवलेली अनामतही, म्हणजे रिटेन्शनही, उत्पन्नात धरावी लागते. ‘हातात न आलेल्या पैशांवर कर’ ही तक्रार आम्हाला समजते, पण कलम ४३सीबीमध्ये रिटेन्शनचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तिथे आमचा इलाज चालत नाही.

आता एक उदाहरण पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण कामाचा नमुना तुमच्या ओळखीचाच आहे. एका शिक्षणसंस्थेची दुमजली इमारत, करार १ कोटी २० लाखांचा, खर्चाचा अंदाज १ कोटी २ लाख, म्हणजे अपेक्षित नफा १८ लाख. काम २०२४च्या पावसाळ्यानंतर सुरू झाले. ३१ मार्च २०२५ पर्यंत चार आरए बिले प्रमाणित झाली, एकूण ५४ लाखांची. शेवटचे मोजमाप २० मार्चला झाले. चौथे बिल १२ लाखांचे होते आणि त्याचे पैसे यायचे होते. पहिल्या तीन बिलांचे ४२ लाख, त्यातून ५ टक्के रिटेन्शन आणि १ टक्का टीडीएस वजा होऊन जीएसटी सोडून बँकेत ३९ लाख ४८ हजार आले. खतावणीत त्या साइटच्या नावावर ५३ लाख ९० हजारांचा खर्च पडला होता.

बँकेतल्या पैशांतून खर्च वजा केला तर १४ लाख ४२ हजारांचा तोटा दिसतो. बरेच जण हाच आकडा मनात धरून आमच्याकडे येतात. हा तोटा खरा नाही. संस्थेने चौथे बिलही मार्चमध्येच जमा दाखवून त्यावर टीडीएस भरला होता, त्यामुळे तुमच्या पॅनवर २६एएसमध्ये ५४ लाख दिसतात. विवरणपत्रात त्यापेक्षा कमी रक्कम दाखवली की फरकाचे पत्र आलेच म्हणून समजा.

मग ५४ लाखांतून ५३ लाख ९० हजार वजा करून १० हजार नफा दाखवायचा का? तेही चूक, आणि आमच्या दृष्टीने हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कारण ५४ लाख ही २० मार्चपर्यंत मोजलेल्या कामाची किंमत आहे, तर ५३ लाख ९० हजार हा ३१ मार्चपर्यंतचा सगळा खर्च आहे. दोन्ही बाजू एकाच कामाच्या नाहीत. २६ मार्चला पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला, त्याचे मोजमाप एप्रिलमध्ये झाले. त्यावर ३ लाख ७० हजार खर्च झाले होते. शिवाय साइटवर न वापरलेला माल पडून होता: ३ टन सळई, २६० गोण्या सिमेंट आणि विटांचे दोन ढीग, मिळून ३ लाख ४० हजारांचा. हे दोन्ही बाजूला काढले की प्रमाणित कामाचा खरा खर्च ४६ लाख ८० हजार उरतो आणि यंदाचा नफा ७ लाख २० हजार येतो. स्लॅब आणि माल खर्चाच्याच किमतीला ताळेबंदात शिल्लक म्हणून पुढच्या वर्षी जातात.

१० हजार दाखवून काम भागले असे वाटेल, पण राहिलेला नफा जात नाही, तो पुढच्या वर्षी एकदम १७ लाख होऊन येतो. बरोबर हिशोबाने तो यंदा ७ लाख २० हजार आणि पुढच्या वर्षी ९ लाख ९० हजार असा वाटला जातो. एकूण १७ लाख १० हजार दोन्हीकडे सारखेच; सुरुवातीच्या १८ लाखांतले ९० हजार वाढलेल्या खर्चात गेले, ते कसे हे पुढे येईलच. फरक एवढाच की पहिल्या रीतीत एका वर्षी वरच्या दराने कर आणि दुसऱ्या वर्षी बँकेला दाखवायला नफाच नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायला गेलेल्याला १० हजार नफ्याचे पत्रक काय कामाचे?

या रीतीचा आणखी एक उपयोग आहे. काम ४५ टक्के झाले, म्हणजे अंदाजाप्रमाणे खर्च ४५ लाख ९० हजार व्हायला हवा होता; तो ९० हजारांनी जास्त निघाला. असा फरक दिसला की आम्ही तुम्हाला फोन करतो. कारण दोनच असू शकतात. एक, साइटवरचा माल मोजताना काही सुटले. दोन, खर्च खरोखरच वाढला. या उदाहरणात पायाला कठीण खडक लागला, ब्रेकर ठरल्यापेक्षा जास्त दिवस चालवावा लागला आणि तो खर्च करारात वेगळा नव्हता. म्हणून एकूण अंदाज १ कोटी २ लाख ९० हजार केला. कारण सापडेपर्यंत आम्ही हिशोब बंद करत नाही. काही जणांना ही चिकाटी खटकते, पण अंदाज जुनाच ठेवला तर काम संपताना अपेक्षित नफा जागेवर नसतो आणि तेव्हा खडक कुणाला आठवत नाही.

आता त्या कागदाबद्दल. ३१ मार्चला संध्याकाळी साइटवर काय पडले आहे आणि शेवटच्या मोजमापानंतर कोणते काम झाले आहे, याची यादी त्याच दिवशी हवी. जूनमध्ये विचारले की उत्तर येते, ‘असेल दोन-तीनशे गोणी.’ मग आम्ही सिमेंटची बिले, चलने आणि मुकादमाची डायरी घेऊन बसतो. शेवटी स्लॅबची जाडी आणि क्षेत्रफळ घेऊन उलट हिशोब करावा लागतो. एका ग्राहकाच्या साइटसाठी यात आमचे सहा दिवस गेले, आणि आलेला आकडा तरीही अंदाजच होता. ३१ मार्चला मुकादमाला अर्धा तास लागला असता.

यादी साधी चालते. सळईचे व्यासानुसार बंडल, सिमेंटच्या गोण्या, खडी आणि क्रश सँडचे अंदाजे ब्रास, विटा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खाली शेवटच्या मोजमापानंतर झालेले काम लिहा: कुठला स्लॅब, किती चौरस फूट, सेंटरिंगवाल्याला आणि बिगाऱ्यांना किती दिले. सेंटरिंगच्या प्लेटा आणि मिक्सर या यादीत घालू नका. त्या तुमच्या मालकीच्या वस्तू आहेत, त्यांचा घसारा वेगळा लागतो. जमले तर आर्किटेक्टला मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत मोजमापाला बोलवा. मग ‘मोजलेले नाही’ हा भागच लहान होतो.

एक खुलासा, कारण यावर वाद होतात. मोजमाप २८ मार्चला झाले आणि सही ९ एप्रिलला पडली, तर आम्ही ते काम मार्चमध्येच धरतो. काम झाल्याचा दिवस मोजमाप सांगते, सही फक्त त्याला दुजोरा देते. सही मुद्दाम एप्रिलवर ढकलून नफा पुढे नेण्याची विनंती कृपया करू नका. मोजमाप पुस्तकात तारीख असते आणि तपासणीत पहिली मागणी त्याच पुस्तकाची होते.

काही ठिकाणी ही रीत लागत नाही किंवा बदलते. कलम ४४एडीखाली ठरावीक टक्क्याने नफा दाखवणाऱ्यांना हा सगळा हिशोब करावा लागत नाही. काम नुकतेच सुरू झाले असेल आणि अंदाज भरवशाचा नसेल, तर २५ टक्क्यांपर्यंत आम्ही उत्पन्न खर्चाएवढेच धरतो, नफा शून्य. कामात तोटा होणार हे आधीच कळले, तर कंपनीच्या पुस्तकांत एएस ७ या लेखा मानकाप्रमाणे तो सगळा लगेच धरावा लागतो. आयकरासाठी मात्र टक्केवारीनेच मिळतो. आणि बी.कॉम.ला शिकलेला ‘नफ्याच्या एक तृतीयांश’ किंवा ‘दोन तृतीयांश’ धरण्याचा नियम परीक्षेतच ठेवावा, आयकराला तो चालत नाही.

चालू कामांच्या ग्राहकांना आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर यादीचा एक पानाचा नमुना पाठवतो. भरून फोटो परत पाठवला की पुरे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांच्या दोनपेक्षा जास्त साइट एकाच वेळी चालू आहेत, त्यांच्यासाठी ३१ मार्चला आमचा माणूस साइटवर येऊन मोजणी करून देतो. त्याची फी ठरलेली असते, मात्र नाव १५ मार्चपूर्वी नोंदवावे लागते, कारण त्या दिवशी आमच्याकडे माणसे मोजकी असतात. यादीसोबत वर्क ऑर्डर, सगळ्या आरए बिलांच्या प्रती, वाढीव कामाची पत्रे आणि खर्चाचा ताजा अंदाज आणा.