खाडी सरकली म्हणून हद्द सरकत नाही

"वाशी-ऐरोलीत पाणी आत घुसलं, की देशाची सागरी हद्दही तेवढीच आत येणार ना?"

नाही. मुळात ठाणे खाडी हे अंतर्गत जल. हद्दीचे १२ सागरी मैल जिथून मोजायचे, ती आधाररेषा तिच्या बाहेर समुद्रात आहे. भारताने २००९ मध्ये या रेषेचे बिंदू अक्षांश-रेखांशासह अधिसूचित केले. आकडे काही भरतीबरोबर हलत नाहीत.

खरा पेच उघड्या किनाऱ्याचा. तिथे आधाररेषा म्हणजे अधिकृत नकाशावरची ओहोटीची रेषा, म्हणून 'किनारा हलला की रेषा हलली' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण जुलै २०२५ च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं, की रीतसर ठरलेली आधाररेषा समुद्रपातळी वाढली म्हणून बदलण्याचं बंधन संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात नाही. 'रीतसर ठरलेली' ही अट मात्र विसरू नका.