‘पार्शल फिट’ म्हणजे नक्की काय कमी आहे?

रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीला क्यूसी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणारी, केमिस्ट हवी आहे, असं धरू. रिक्रूटर उमेदवाराशी फोनवर बोलतो आणि क्यूसीच्या प्रमुखांना आठ-दहा ओळींची नोट पाठवतो. स्ट्राँग फिट, पार्शल की वीक, हे त्यात लिहिलेलं असतं. पुढची मुलाखत बऱ्याचदा त्यावरच ठरते. कामाच्या गरजा चार आहेत: औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र स्वतंत्रपणे चालवणं, निकाल मर्यादेबाहेर गेला (ओओएस) तर चौकशी करणं, यंत्रावरच्या म्हणजे इन्स्ट्रुमेंट चाचण्यांसाठी राज्याच्या एफडीएचं, औषध प्रशासनाचं, केमिस्ट म्हणून अप्रूव्हल आणि शिफ्टची तयारी.

आता नोट अशी आली: “चार वर्षांचा अनुभव, सध्या वागळे इस्टेटमधल्या औषध चाचणी प्रयोगशाळेत. चांगल्या कॉलेजातून एमएस्सी, बोलण्यात आत्मविश्वास. एचपीएलसी येतं. राहते डोंबिवलीला. पार्शल फिट.”

वाचायला ठीक वाटते, पण हिच्यावरून काही ठरवता येत नाही. नुसती अनुभवाची वर्षं कामगिरीचा अंदाज फार कमी देतात. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये आधीच्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले. अनुभवाची वर्षं आणि कामगिरी यांचा सहसंबंध त्यांना सरासरी 0.07 मिळाला. सर्वांना ठरलेले तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा 0.42 आला. 0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध. राहण्याचं गाव, कॉलेजचं नाव यांसारखी माहिती तर उलट नुकसान करते. कामाच्या मुद्द्यांत बिनकामाचे तपशील मिसळले की वाचणाऱ्याच्या मनात कामाच्या मुद्द्यांचं वजन घटतं. निस्बेट, झुकियर आणि लेमली यांनी 1981 मध्ये हा परिणाम दाखवला.

“एचपीएलसी येतं” हा उमेदवाराचा दावा झाला. पुरावा हवा असेल तर विचारायचं, “नमुना लावण्याआधी यंत्र ठीक आहे हे कशावरून ठरवता?” जिने हात घातलेला असतो ती सिस्टिम सुटेबिलिटीबद्दल बोलते: स्टँडर्डची पाच इंजेक्शन्स, आलेखावर त्यांच्या पीक एरियातला, म्हणजे उंचवट्याच्या क्षेत्रफळातला, फरक पद्धतीत दिलेल्या मर्यादेत (बऱ्याचदा आरएसडी 2 टक्क्यांपर्यंत), टेलिंग, म्हणजे पीकची मागे ओढलेली शेपटी, किती. पीकची वेळ सरकली तर काय बघाल, यावर ती फ्लो, गळती, मोबाइल फेजचं प्रमाण, कॉलमचं तापमान असं एकेक सांगते. नोटमध्ये हे उत्तरच लिहावं, “ज्ञान उत्तम” असा शेरा नको. रिक्रूटरला रसायनशास्त्र यायची गरज नाही. क्यूसी प्रमुखांकडून प्रश्न आणि अपेक्षित उत्तर आधीच घेऊन ठेवलं की झालं.

नोटची खरी परीक्षा दुसऱ्या गरजेपाशी होते. ओओएस आल्यावर काय करता? उमेदवार म्हणते, “काम थांबवते, द्रावणं टाकत नाही, सीनियरला कळवते. चौकशी तेच लिहितात.” हे उत्तर अर्धं आहे, पण उपयोगी अर्धं आहे. द्रावणं जपून ठेवली तरच चूक यंत्रात होती की वजन करण्यात, हे शोधता येतं. “पुन्हा नमुना घेऊन टेस्ट करते” असं ती म्हणाली असती तर ती कमतरता गंभीर ठरली असती, कारण चौकशीविना पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं औषध उद्योगात अजिबात चालत नाही. म्हणजे इथली उणीव चौकशी लिहिण्यापुरती आहे, आणि ती सीनियरबरोबर काही चौकश्या केल्या की भरून निघू शकते.

तिसरी गरज अप्रूव्हलची. समजा, फोनवर हा प्रश्न राहूनच गेला. अशा वेळी अनेक नोटा गप्प बसतात, वाचणारा ते ‘नाही’ असं धरतो आणि उमेदवार पार्शलमध्ये जाते. ‘विचारलं, नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. पहिला उमेदवाराबद्दल आहे, दुसरा आपल्या चौकशीबद्दल. दुसऱ्याला एका फोनचं औषध पुरतं. शिफ्टचंही तसंच. डोंबिवलीहून सकाळी सातला पोचणं कसं जमेल, हा अंदाज आपण का करायचा? वेळ सांगून तिलाच विचारावं.

मग नोट अशी होते: “एचपीएलसी: स्वतंत्रपणे, उत्तर सोबत. ओओएस: काम थांबवून कळवते, चौकशी लिहिलेली नाही, शिकता येईल. अप्रूव्हल: विचारलेलं नाही, उद्या विचारतो. शिफ्ट: तिन्हींना तयार. सध्या पार्शल. अप्रूव्हल इन्स्ट्रुमेंटसाठी असेल तर मुलाखत घ्यावी, नसेल तर ते मिळेपर्यंत थांबता येईल का ते तुम्ही ठरवा.”

शेरा शेवटी आहे, तो मुद्दाम. वर ‘स्ट्राँग’ लिहिलं की खालचं सगळं त्याच चष्म्यातून वाचलं जातं. एका गुणावरून माणसाचे बाकीचे गुणही तसेच धरले जातात, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1920 मध्येच नोंदवलं होतं. वीक फिटची नोट दोन ओळींची चालते, फक्त कोणती अत्यावश्यक गरज पुरी होत नाही आणि ते कोणत्या उत्तरावरून कळलं, एवढं तिच्यात हवं. पुढे दुसऱ्या जागेसाठी तोच बायोडेटा उघडला, तर उपयोग त्या उत्तराचाच होतो.